एका कानाचा बहिरेपणा आणि कानातला आवाज: ईएनटी सर्जनला चिठ्ठी कशी लिहावी

प्रश्न: मी फॅमिली डॉक्टर आहे. ४६ वर्षांच्या एका रुग्णाला ९ दिवसांपासून उजव्या कानाने कमी ऐकू येतंय आणि त्याच कानात सतत शिटीसारखा आवाज येतो. कान दुखत नाही, वाहत नाही, पडदाही चांगला दिसतो. ईएनटी सर्जनकडे पाठवायचं आहे. चिठ्ठीत 'प्लीज सी अँड डू द नीडफुल' याच्या पलीकडे नेमकं काय लिहू?

डॉक्टर, चिठ्ठी लिहायला बसण्याआधी तुमच्या सर्जनला एक फोन करा. पडदा चांगला असताना एक कान अचानक गेला असेल, तर तो नसेचा बहिरेपणा असण्याची शक्यता आधी धरायची असते आणि त्यात दिवस मोजावे लागतात. ७२ तासांच्या आत, ऑडिओग्रामवरच्या लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट झाली, की आम्ही त्याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतो. स्टेरॉइड द्यायचं तर ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेलं बरं. तुमच्या रुग्णाचे त्यातले ९ दिवस गेले आहेत. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, असा बहिरेपणा गेल्या ३० दिवसांत आला असेल, तर रुग्ण २४ तासांच्या आत तज्ज्ञाकडे पोहोचायला हवा. म्हणून फोन आज करा आणि चिठ्ठी रुग्णाच्या हातात आजच द्या.

मी गेली २५ वर्षं या चिठ्ठ्या वाचतो आहे. बऱ्याच चिठ्ठ्यांमध्ये निदान असतं, औषधांची नावं असतात, पण रुग्णाला किती लवकर बघायचं हे मला ठरवता येईल असं काहीच नसतं. शिवाय चिठ्ठी सगळ्यात आधी मी वाचत नाही, अपॉइंटमेंट देणारी व्यक्ती वाचते. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या. चिठ्ठीत एवढंच होतं: 'डावा कान बंद वाटतो, कानात आवाज. कृपया तपासावे.' 'कान बंद वाटतो' हे वाचून त्यांना तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली, आणि चुकीची मिळाली असं तरी कसं म्हणू? कान बंद वाटणारे रुग्ण रोज येतात. माझ्यासमोर त्या बसल्या तेव्हा बहिरेपणाला ३१ दिवस झाले होते आणि डाव्या कानाची सरासरी ७० डेसिबल होती. आम्ही कानात स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, फरक पडला नाही. लवकर आल्या असत्या तर ऐकणं परत आलंच असतं असं मी म्हणणार नाही. पण प्रयत्न करायची चांगली वेळ निघून गेली होती, आणि ती वाया जाण्याचं कारण एवढंच की चिठ्ठीत सुरुवातीची तारीख नव्हती.

म्हणून पहिली ओळ तारखेची. इथे मात्र थोडं खोलात जावं लागतं. '९ दिवसांपासून कमी ऐकू येतंय' असं रुग्ण म्हणतो, तेव्हा ९ दिवसांपूर्वी ऐकणं गेलं की ९ दिवसांपूर्वी ते लक्षात आलं, हे वेगळं काढायला हवं. एक कान हळूहळू उतरत गेला तर माणसाला कित्येक महिने पत्ता लागत नाही, दुसरा कान काम भागवून नेतो. मग एखाद्या दिवशी नेहमीच्या हातात काहीतरी असतं, फोन चुकून दुसऱ्या कानाला लागतो आणि पलीकडचा आवाजच येत नाही. रुग्णाच्या दृष्टीने ते अचानकच घडलेलं असतं. यातल्या पहिल्या रुग्णाला मी आज बघायला हवं. दुसऱ्याला दोन आठवड्यांनी पाहिलं तरी त्याचं नुकसान होत नाही, पण त्याच्या बाबतीत माझ्या डोक्यात वेगळा आजार असतो.

हे उलगडायला तीन-चार साधे प्रश्न पुरतात. फोन नेहमी कोणत्या कानाला लावता? त्या कानाने शेवटचं नीट बोलणं कधी झालं, आदल्या दिवशी की आठवत नाही? चांगला कान उशीवर दाबून झोपलात तर हाक किंवा गजर ऐकू यायचा का? घरचे 'टीव्हीचा आवाज मोठा करता', 'हाक मारली की भलतीकडे बघता' असं कधीपासून म्हणतात? शेवटचा प्रश्न शक्य असेल तर सोबत आलेल्या माणसालाच विचारा. एका कानावर माणूस जगत असला की आवाज कुठून आला हे त्याला कळत नाही, आणि ते त्याच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतं. 'आदल्या रात्री त्याच कानाला फोन लावून बोललो, सकाळी उठलो तर कान मेलेला' असं उत्तर आलं, तर ते त्याच शब्दांत चिठ्ठीत लिहा. तेवढ्या वाक्यावर मी समोरची ओपीडी थांबवून रुग्णाला आत घेतो.

दुसरी गोष्ट ट्यूनिंग फोर्कची. ५१२ हर्ट्झचा फोर्क घ्या. १२८ चा घेतलात तर रुग्णाला आवाजापेक्षा थरथर जास्त जाणवते आणि उत्तर चुकतं. फोर्क स्वतःच्या कोपरावर किंवा गुडघ्यावर आपटा, टेबलावर आपटू नका. मग दांडा रुग्णाच्या कपाळाच्या मध्यावर टेकवा आणि विचारा, आवाज कुठे येतो: उजवीकडे, डावीकडे की मध्ये? 'कोणत्या कानात ऐकू येतं' असं विचारलं की रुग्ण आपल्या चांगल्या कानाचं नाव घेतो, कारण बिघडलेल्या कानाने ऐकू येणं त्याला अशक्य वाटतं. म्हणून तिन्ही पर्याय आधी पुढे ठेवा. ही वेबर चाचणी. आवाज बिघडलेल्या कानाकडे गेला तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. चांगल्या कानाकडे गेला तर बिघाड आतल्या कानात किंवा नसेत आहे. विश्वास बसत नसेल तर स्वतःच्या एका कानात बोट घालून हीच चाचणी स्वतःवर करून बघा, आवाज बोट घातलेल्या कानाकडे जाईल.

फोर्क हाताशी नसेल तर रुग्णाला तोंड मिटून 'म्म्म' असा लांब हुंकार द्यायला सांगा आणि तो कोणत्या बाजूला जास्त घुमतो ते विचारा. अर्थ वेबरसारखाच लावायचा. ही फोर्कची जागा घेणारी चाचणी नव्हे, पण रुग्ण फोनवर असला तरी करता येते आणि त्याला लगेच बोलवायचं का हे ठरवायला उपयोगी पडते.

रिने चाचणीत एक खड्डा आहे आणि त्यात अनुभवी डॉक्टरही पडतात. उजवा कान पूर्ण गेलेला असेल, तर फोर्क उजव्या कानासमोर धरल्यावर काहीच ऐकू येत नाही. पण तोच कानामागच्या हाडावर टेकवला की थरथर कवटीतून डाव्या, चांगल्या कानापर्यंत पोहोचते आणि रुग्ण 'हो, आता येतोय' म्हणतो. हाडातून हवेपेक्षा जास्त, म्हणजे मधल्या कानाचा अडथळा, असा निष्कर्ष निघतो आणि मेलेल्या कानावर महिनाभर नाकातले थेंब चालू राहतात. यातून वाचवतो तो वेबर. रिने अडथळा दाखवतोय आणि वेबर मात्र चांगल्या कानाकडे जातोय, असं जुळेनासं झालं तर तो कान नसेमुळे पूर्ण गेलेला असू शकतो असं समजून पाठवा. चिठ्ठीत 'रिने पॉझिटिव्ह' असं लिहू नका. या चाचणीत पॉझिटिव्ह म्हणजे नॉर्मल, आणि घाईत वाचणाऱ्याची इथे हमखास गफलत होते. 'उजवीकडे कानासमोर जास्त मोठं ऐकू आलं, हाडावर कमी' असं सरळ लिहिलं की शंका उरत नाही.

मळाबद्दल एक शब्द. तुमच्या रुग्णाचा पडदा दिसला हे बरं झालं. पण पुढच्या एखाद्या रुग्णाच्या कानात मळ असेल, तर बहिरेपणाचा दोष त्याच्यावर टाकून पाच दिवसांचे थेंब देऊन मोकळे होऊ नका. आधी वेबर करा. उजव्या कानात मळ भरलेला असूनही आवाज डावीकडे जात असेल, तर गुन्हेगार मळ नाही. मळ काढला असेल तर काढल्यावर ऐकणं सुधारलं का ते पुन्हा तपासून चिठ्ठीत लिहा.

कानातल्या आवाजाविषयी मला दोनच गोष्टी हव्या असतात. आवाज एकसारखा आहे की नाडीच्या ठोक्याबरोबर येतो? रुग्णाला बोटाने ठेका धरायला सांगा आणि तुम्ही त्याची नाडी धरा. दोन्ही जुळले तर तसं ठळक लिहा, कारण मग तपासाची दिशा रक्तवाहिन्यांकडे वळते. आणि त्या आवाजाने रुग्णाचं काय झालंय? झोप लागते का, कामात लक्ष लागतं का, जगणं नकोसं वाटतं का, हे संकोच न करता विचारा. एक कान गेलेला आणि त्यात चोवीस तास शिटी, या अवस्थेत माणसं आतून खचतात. ते तुम्हाला दिसतं, कारण तुम्ही त्याला आधीपासून ओळखता. माझ्यासमोर तो पहिल्यांदाच आणि दहा मिनिटांसाठी बसणार असतो.

चेहरा वाकडा झालाय, एकाची दोन दिसतायत, जीभ जड झालीय, चालताना तोल जातोय किंवा गिळता येत नाही, यांपैकी काहीही बहिरेपणासोबत अचानक आलं असेल, तर ईएनटीच्या चिठ्ठीची वाट न बघता रुग्णाला थेट इमर्जन्सीत पाठवा. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या वाहिनीचीच फांदी असते, त्यामुळे पक्षाघाताची सुरुवात कधीकधी बहिरेपणा आणि चक्कर यांनी होते. कानाच्या पाळीवर किंवा कानाच्या भोकात पुरळाचे फोड आणि त्याच बाजूचा चेहरा ढिला, हे नागिणीच्या विषाणूचं चित्र आहे. तेही त्याच दिवशी कळवायचं.

आता तुमच्याच रुग्णाची चिठ्ठी लिहून दाखवतो. जी माहिती तुम्ही दिलेली नाही ती मी धरून चाललो आहे, तुम्ही खरी घाला.

> तातडीचे: अचानक आलेला उजव्या कानाचा बहिरेपणा, आज नववा दिवस. फोनवर बोलणे झाले आहे, आजच तपासावे.
>
> वय ४६, पुरुष. ९ दिवसांपूर्वी सकाळी उठल्यावर उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले. आदल्या रात्री त्याच कानाला फोन लावून बोलणे झाले होते, तेव्हा स्पष्ट ऐकू येत होते. त्याच सकाळपासून उजव्या कानात एकसारखी शिटी, नाडीबरोबर नाही. पहिल्या दिवशी काही तास गरगरले, नंतर नाही. कान दुखणे, वाहणे, मार, मोठा आवाज, विमानप्रवास: काही नाही. यापूर्वी कानाचा त्रास नाही.
>
> दोन्ही कानांचे पडदे पूर्ण दिसले, नॉर्मल. ५१२ हर्ट्झ फोर्क: कपाळावर ठेवल्यावर आवाज डावीकडे जातो. दोन्ही बाजूंना कानासमोर हाडापेक्षा जास्त ऐकू येते. चेहऱ्याची हालचाल, चेहऱ्याची संवेदना, डोळ्यांची हालचाल, चाल: नॉर्मल. मानेत गाठ नाही.
>
> मधुमेह ६ वर्षे, मेटफॉर्मिन चालू. आजची उपाशीपोटी साखर १४२. रक्तदाब १३०/८४. पोटात अल्सर, काचबिंदू, क्षय यांचा इतिहास नाही. रक्त पातळ करणारी औषधे नाहीत. पेसमेकर किंवा शरीरात धातू नाही. क्रिएटिनिन नॉर्मल.
>
> दुसरीकडे चौथ्या दिवशी नाकातले थेंब आणि ॲलर्जीची गोळी मिळाली, फरक नाही. स्टेरॉइड अजून दिलेले नाही.
>
> झोप दोन-तीन तासच लागते, कान कायमचा जाईल अशी भीती आहे. आत्महत्येचे विचार नाहीत.
>
> विनंती: आजच ऑडिओग्राम आणि स्टेरॉइडचा निर्णय. साखरेवर मी लक्ष ठेवतो. पुढचा ऑडिओग्राम आणि एमआरआय कोण सांगणार ते कृपया कळवावे.

ही चिठ्ठी दोन मिनिटांत वाचून होते आणि तिची पहिली ओळ अपॉइंटमेंट देणाऱ्यालाही कळते. 'उजवा' हा शब्द पूर्ण लिहिलाय. एका अक्षराच्या खुणेने बाजू दाखवली आणि अक्षर लागलं नाही तर बाजू बदलते, आणि असं झालेलं मी पाहिलंय. 'नाही' म्हणून लिहिलेल्या गोष्टीही मुद्दाम ठेवल्यात. चेहऱ्याच्या संवेदनेचा उल्लेखच नसेल, तर ती तपासली आणि नॉर्मल आली, की तपासलीच नाही, हे मला कळत नाही.

मधुमेहाचा परिच्छेद तुम्हाला पसारा वाटेल, पण माझा निर्णय बऱ्याचदा त्यावरच फिरतो. तोंडातून स्टेरॉइड द्यायचं तर साधारणपणे प्रेडनिसोलोन वजनाच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम, सकाळी एकदम, ७ ते १४ दिवस आणि मग हळूहळू कमी, असं देतात. साखर भडकलेली असेल तर त्याऐवजी पडद्यातून थेट मधल्या कानात इंजेक्शन देण्याचा मार्ग मी आधी निवडतो. स्टेरॉइडच्या बाजूचा पुरावा म्हणावा तितका भक्कम नाही आणि काही कान औषधाशिवायही सुधारतात, हे रुग्णाला स्पष्ट सांगायला हवं. तरीही गेलेलं ऐकणं परत मिळवायला याहून चांगलं काही हातात नाही, म्हणून आम्ही ते देतो. सर्जनकडे पोहोचायलाच दोन-तीन दिवस लागणार असतील, तर फोनवर बोलून पहिला डोस तुम्ही सुरू करा आणि चिठ्ठीत डोस व तारीख लिहा. विषाणूविरोधी गोळ्या, रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं यांचा अशा बहिरेपणात उपयोग दिसलेला नाही. मेंदूचा साधा सीटी स्कॅनही यात फारसं काही सांगत नाही, त्यासाठी रुग्णाला थांबवून ठेवू नका.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या दिशेला गेली असं धरू. फोन तो नेहमी डाव्या कानालाच लावतो, बायको वर्षभर म्हणतेय की हाक ऐकू जात नाही, आणि ९ दिवसांपूर्वी फक्त फोनचा कान बदलला. मग वरची 'तातडीचे' ही ओळ काढा. ती प्रत्येक चिठ्ठीवर दिसायला लागली की खऱ्या तातडीच्या वेळी तिचं वजन राहत नाही. त्याऐवजी लिहा: 'एका बाजूचा, हळूहळू वाढलेला, नसेचा वाटणारा बहिरेपणा. ऑडिओग्राम आणि एमआरआयची गरज आहे का, हे बघावे.' यात मी शोधत असतो ती तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातून वाढणारी गाठ, म्हणजे व्हेस्टिब्युलर श्वानोमा. ती कर्करोगाची नसते, बहुधा संथ वाढते, आणि एका बाजूचा बहिरेपणा असणाऱ्या फारच थोड्यांमध्ये निघते. पण ती निघते तेव्हा तिची पहिली तक्रार बहुतेकदा हीच असते. नाइसच्या त्याच सूचनांप्रमाणे, ०.५, १, २, ४ आणि ८ किलोहर्ट्झ यांपैकी शेजारच्या कोणत्याही दोन फ्रिक्वेन्सींवर दोन कानांत १५ डेसिबल किंवा जास्त फरक असेल, तर एमआरआयचा विचार करायचा. अशा रुग्णाला विचारा, फोनवर आवाज येतो पण शब्द लागत नाहीत, असं होतं का? ऐकण्याच्या घटीपेक्षा शब्द समजण्याची घट जास्त असेल तर संशय नसेकडे जातो. उत्तर 'हो' असेल तर चिठ्ठीत लिहा, त्यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही.

तिसरी शक्यता थोडक्यात. वेबर बिघडलेल्याच कानाकडे गेला आणि पडदा मळकट, आत ओढलेला किंवा मागे पाणी असल्यासारखा दिसला, तर प्रौढ माणसात एकाच बाजूला पाणी साठण्याचं कारण नाकाच्या मागच्या भागात शोधावं लागतं. तिथली गाठ कानाच्या नळीचं तोंड दाबू शकते. मान चाचपून गाठी आहेत का ते लिहा, नाकातून रक्त येतं का ते विचारा आणि रुग्णाला महिनोन्‌महिने ॲलर्जीच्या गोळ्यांवर ठेवू नका. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात खपली आणि कानाला घाण वास असेल, तर ते हाड पोखरणारं दुखणं असू शकतं. खपली ओढून काढू नका, जशी दिसली तशी लिहा.

तुमच्या रुग्णाकडे परत येतो, कारण चिठ्ठीतली शेवटची विनंती मी विचारपूर्वक घातली आहे. समजा दहा दिवसांच्या गोळ्यांनी त्याचं ऐकणं परत आलं, शिटीही विरली. तो खूश होतो आणि पुढच्या तपासणीला येत नाही. पण व्हेस्टिब्युलर श्वानोमाची गाठ असलेल्या काही रुग्णांमध्येही बहिरेपणा असाच अचानक येतो आणि स्टेरॉइडने सुधारतोही. म्हणून ऐकणं परत आलं तरी एमआरआय राहतोच. तो कोणी सांगायचा यावर मी आणि फॅमिली डॉक्टर एकमेकांकडे बघत राहिलो, तर तो कोणीच सांगत नाही. चिठ्ठीची एक प्रत तुमच्याकडे ठेवा, त्यावर सहा आठवड्यांनंतरची तारीख टाका आणि त्या दिवशी रुग्णाला फोन करून विचारा: एमआरआय झाला का, आणि फोन आता कोणत्या कानाला लावता?